दादाचे पाच फंड आणि एकच विहीर

माझा मावसभाऊ डोंबिवलीला राहतो, नोकरी एका खाजगी बँकेत. मी त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे २०२० च्या जानेवारीत म्युच्युअल फंडांत साधारण १५ लाख होते, पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाच लार्ज कॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडांत प्रत्येकी तीन-तीन लाख. कुणी विचारलं की सांगायचा, "मी सगळं वाटून ठेवलंय, एक बुडला तरी चार आहेत." मग मार्च आला. निफ्टी जानेवारीत १२,४३० पर्यंत गेला होता तो २४ मार्चला ७,५११ पर्यंत खाली आला, म्हणजे दोन महिन्यांत जवळपास ४० टक्के, आणि दादाचे पाचही फंड हातात हात घालून सोबत खाली गेले. १५ चे साडेनऊच्या आसपास झाले. त्याने विकलं नाही, पैसे परत वर आले, पण एक प्रश्न त्याच्या डोक्यात बसला तो बसलाच, की वाटून ठेवून मग उपयोग काय झाला?

आम्ही त्यावर नीट बसलो ते २०२२ च्या दिवाळीत, फराळ बाजूला आणि लॅपटॉप मध्ये. त्याची खरी भीती मात्र वेगळीच होती. तो म्हणाला, "रिस्क कमी करायची म्हणजे रिटर्न पण कमी होणार ना? मग मला नको, मुलीच्या शिक्षणाला आठ-दहा वर्षं आहेत." हे बहुतेकांना वाटतं आणि एकच गुंतवणूक समोर ठेवली तर ते बऱ्यापैकी खरं पण आहे, एफडीत रिस्क कमी तर व्याजही कमी. पण दोन गुंतवणुकी एकत्र ठेवल्या की हिशोब बदलतो, आणि तो का बदलतो हे मी त्याला आधी कागदावर दाखवलं, त्याचे फंड नंतर उघडले.

कागदावर दोन काल्पनिक फंड घेतले आणि चार वर्षांचे रिटर्न लिहिले. आकडे मुद्दाम सोपे ठेवलेत, म्हणजे तुम्हाला पण करून बघता येईल. तिसऱ्या रकान्यात दोघांत निम्मे-निम्मे पैसे ठेवले तर काय मिळेल ते.

| वर्ष | पहिला | दुसरा | निम्मे-निम्मे |
|---|---|---|---|
| १ | ३०% | ३२% | ३१% |
| २ | -१०% | १६% | ३% |
| ३ | २२% | -८% | ७% |
| ४ | ६% | ८% | ७% |

सरासरी काढली तर पहिल्याची १२, दुसऱ्याची १२, आणि निम्मे-निम्मेची पण १२. इथे काही नवल नाही, मिश्रणाचा अपेक्षित रिटर्न हा नेहमी त्यातल्या घटकांची वजनानुसार सरासरीच असतो, कितीही फिरवा.

आता स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रिटर्न आपल्या सरासरीपासून साधारण किती लांब भटकतो त्याचं माप. प्रत्येक वर्षी सरासरीपासून किती अंतर पडलं ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा (म्हणजे उणे-अधिक एकमेकांना खाऊन टाकत नाहीत), सगळे वर्ग मिळवून वर्षांच्या संख्येतून एक वजा करून भागायचं, आणि शेवटी वर्गमूळ. पहिल्या फंडाची अंतरं १८, -२२, १०, -६. वर्गांची बेरीज ९४४, तीनने भागून वर्गमूळ १७.७. दुसऱ्याची अंतरं २०, ४, -२०, -४, आणि उत्तर येतं १६.७. दादा म्हणाला मग निम्मे-निम्मेचं मधलं येणार, १७.२. सरळ विचार आहे, सगळे असंच म्हणतात. करून बघितलं. अंतरं १९, -९, -५, -५, बेरीज ४९२, उत्तर १२.८.

त्याने पेन घेऊन परत केलं, तेच आलं.

म्हणजे सरासरी १२ ची १२ राहिली आणि भटकणं १७ वरून १३ च्या खाली आलं. कारण साधं आहे, दुसऱ्या वर्षी पहिला पडला तेव्हा दुसरा वर होता, तिसऱ्या वर्षी उलटं, त्यामुळे दोघांची अंतरं काही प्रमाणात एकमेकांत जिरली. सरासरीत बेरीज जशीच्या तशी जाते, चढउतारात मात्र कोण कधी पडतं याचाही हिशोब धरावा लागतो. या 'कोण कधी' ला जो आकडा देतात तो कोरिलेशन, उणे एकपासून अधिक एकपर्यंत. एक म्हणजे दोघं कायम एका तालात, शून्य म्हणजे एकमेकांशी घेणंदेणं नाही, उणे एक म्हणजे नेमके उलट. आमच्या कागदावरच्या दोघांचं ०.१ च्या जवळ आलं. बघा, उणे असायची गरजच नाही, एकपेक्षा कमी असलं तरी मिश्रणाचं स्टँडर्ड डेव्हिएशन मधल्या आकड्यापेक्षा खाली येतं. हा हिशोब गुंतवणुकीला नीट बसवून दाखवला हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली, आणि १९९० मध्ये त्यांना त्यासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आमच्या आजोळी बार्शीकडे आजोबा बाजरीत तुरीच्या ओळी टाकायचे. बाजरी तीनेक महिन्यांत निघते, तूर खोल मुळांची आणि शेतात जास्त दिवस राहणारी, म्हणून पाऊस लवकर गेला तर बाजरी हाताला लागते आणि परतीचा पाऊस बरा झाला तर तूर भरते. दोन्ही पिकं एकाच शेतात पण नशीब वेगवेगळ्या पावसावर. दादाला हे सांगितल्यावर तो लगेच म्हणाला, "मग माझे पाच फंड म्हणजे पाच शेतं, पण विहीर एकच." त्याच्या फंडांचं यापेक्षा चांगलं वर्णन मला सुचलं नसतं.

आणि ते खरंच तसं आहे. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये फंडांचे प्रकार ठरवून दिले, त्यात लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसा बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवावा लागतो. म्हणजे पाच वेगळ्या फंड हाऊसचे पाच मॅनेजर त्याच शंभरांतून निवडणार, आणि त्यातही वरच्या मोठ्या बँका, दोन-तीन आयटी कंपन्या, एक-दोन तेलवाल्या, या जवळपास सगळ्यांकडे असणारच. पाचही फंडांच्या फॅक्टशीटमधली पहिली दहा नावं शेजारी ठेवली तर नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, क्रम बदललाय, यादी तीच आहे.

तरी आकडा काढला. फंड कंपन्यांची संघटना अ‍ॅम्फी, तिच्या साइटवर जुन्या एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचे त्या-त्या दिवसाचे भाव मिळतात, तिथून महिनाअखेरच्या ६१ एनएव्ही घेतल्या म्हणजे ६० महिन्यांचे रिटर्न होतात, आणि काळ असा धरला की मार्च २०२० त्यात येईल. ग्रोथ ऑप्शनच घ्यायचा हं, डिव्हिडंडवाल्याची (आता आयडीसीडब्ल्यू म्हणतात) एनएव्ही पैसे वाटले की खाली येते आणि ती पडझड समजून हिशोब चुकतो. ए कॉलममध्ये तारखा, बी ते एफ मध्ये पाच एनएव्ही, जी ते के मध्ये त्यांचे रिटर्न:

```
=B3/B2-1
=STDEV.S(G3:G62)*SQRT(12)
=CORREL(G3:G62,H3:H62)
```

पहिली ओळ महिन्याचा रिटर्न. दुसरी स्टँडर्ड डेव्हिएशन, महिन्याचं वर्षाचं करायला १२ च्या वर्गमुळाने गुणतात, १२ ने नाही, ही चूक खूप जण करतात आणि मग वर्षाला सत्तर टक्के वगैरे भयानक आकडा येतो. तिसरी कोरिलेशन.

पाचही फंडांचं वर्षाचं स्टँडर्ड डेव्हिएशन २० च्या आगेमागे आलं, आणि एकमेकांशी कोरिलेशन सगळीकडे ०.९६ किंवा त्याच्या वर. आता पाच सारखे हिस्से, प्रत्येकाचं २०, आणि कोरिलेशन ०.९६ धरून मिश्रणाचं काढलं तर १९.७ येतं. पाच फंड, पाच फोलिओ, पाच स्टेटमेंट, आणि कमी झालं किती तर ०.३. हेच कोरिलेशन ०.३ असतं तर १३.३ आलं असतं. दादा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसला, मार्चमध्ये काय झालं होतं ते त्याला आता कळलं. पाच फंडांनी त्याला एका मॅनेजरच्या चुकीपासून वाचवलं असतं, हे मान्य, तो धोका खरा आहे आणि तो कमी झालाच होता. पण अख्खा बाजार पडतो तो धोका पाचांत वाटला गेलाच नव्हता, आणि तो सहाव्या-सातव्या लार्ज कॅप फंडाने पण वाटला जाणार नाही. त्यात निफ्टीचं तीस टक्क्यांहून जास्त वजन बँका आणि वित्तीय कंपन्यांचं, आणि ह्याचा पगार पण बँकेतून. विहीर एक, मोटार पण एक.

मग दुसरी विहीर कुठली, तर आधी सोनं बघितलं. इथे दादाने स्वतः गणित केलं आणि एक चूक केली, ती सांगतोच कारण ती फार फसवी आहे. त्याने सोन्याच्या फंडाचा कॉलम जोडला, कोरिलेशन काढलं आणि ०.९ च्या आसपास आलं, म्हणे "घ्या, सोनं पण शेअरसारखंच आहे, सोडून दे." मी बघितलं तर त्याने रिटर्नचं नाही, थेट एनएव्हीचं कोरिलेशन काढलं होतं. पाच वर्षांत दोन्ही एनएव्ही वर गेल्यात, वर जाणाऱ्या कुठल्याही दोन रेषा एकमेकींसारख्याच दिसतात, मुलीची उंची आणि सोन्याचा भाव यांचं पण ०.९ येईल. बघायचं असतं ते त्या-त्या महिन्यात दोघं एकत्र हलले का. रिटर्नवर काढलं तर आकडा शून्याच्या जवळ आला. अजिबात संबंध नसलेल्या दोन गोष्टींचं पण तुमच्या शीटमध्ये ०.९ येत असेल तर आधी हेच तपासा.

सोनं असं का वागतं याला आपल्याकडे एक खास कारण आहे, नुसतं 'संकटात सोनं चालतं' एवढं नाही. सोन्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो आणि आपण ते आयात करतो. बाजार कोसळतो तेव्हा परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर घेऊन जातात, रुपया पडतो, आणि डॉलरमध्ये सोनं जागेवर असलं तरी रुपयांत ते महाग होतं. २००८ मध्ये निफ्टी वर्षभरात निम्म्याहून खाली आला, त्याच वर्षी डॉलर ३९ रुपयांच्या आसपासवरून ४८ च्या वर गेला आणि सोनं रुपयांत चांगलं वर बंद झालं. म्हणजे आपल्या माणसासाठी रुपयाची घसरण हीच सोन्यातली दुसरी विहीर.

आता दादाचा मूळ प्रश्न, रिटर्नचं काय? इथे मी त्याला गोड बोलून फसवणार नव्हतो. कागदावरच्या दोन्ही फंडांची सरासरी सारखी होती म्हणून मिश्रणाची पण तीच राहिली. सोनं काही धंदा करत नाही, नफा कमवत नाही, त्याच्याकडून शेअरइतकी अपेक्षा ठेवणं मला पटत नाही. समजा शेअरकडून १२ ची अपेक्षा आणि सोन्याकडून ९ ची, तर ७५ टक्के शेअर आणि २५ टक्के सोनं अशा मिश्रणाची सरासरी ११.२५ होणार. पाऊण टक्का गेला. मग?

मग परत कागदावरच्या चार वर्षांकडे गेलो. १० लाख पहिल्या फंडात ठेवले तर चार वर्षांनी १५.१३ लाख, दुसऱ्यात १५.२१ लाख. आणि निम्मे-निम्मे ठेवून दर वर्षाअखेर परत निम्मे-निम्मे करत राहिलं तर १५.४५ लाख, दोघांपेक्षा जास्त, सरासरी तिघांची १२ असूनसुद्धा. ह्याचं कारण तोटा आणि नफा सारख्या टक्क्यांत मोजले तरी ते सारखे नसतात, १०० चे ५० टक्के पडून ५० झाले की परत १०० ला यायला १०० टक्के वाढ लागते. जितके हेलकावे मोठे तितकं चक्रवाढीतून गळतं, आणि ही गळती साधारण स्टँडर्ड डेव्हिएशनच्या वर्गाच्या निम्मी असते. २० टक्क्यांचा वर्ग ४ टक्के, निम्मे २. म्हणजे शेअरची १२ ची सरासरी हातात पडते ती १० च्या दराने. आता ७५-२५ बघा, सोन्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन १५ आणि कोरिलेशन शून्य धरलं तर मिश्रणाचं येतं १५.५, त्याची गळती १.२, आणि ११.२५ मधून वजा जाता उरतात १०.०५. सरासरीत हरवलेला पाऊण टक्का गळती कमी झाल्याने परत आला, आणि वर रिस्क २० वरून साडेपंधरावर.

हे आकडे गृहीत आहेत आणि निकाल त्यांच्यावर टेकून आहे. सोन्याकडून ९ ऐवजी ७ धरले तर मिश्रण साडेनऊवर येतं, म्हणजे वर्षाला अर्धा टक्का खरोखर सोडावा लागतो. दादाला मी तेच सांगितलं, की तुझं सोन्याबद्दलचं मत काय ते आधी ठरव, मग वजन ठरव, आणि अर्धा टक्का द्यावा लागला तरी बदल्यात काय मिळतंय तेही बघ. मार्चमध्ये सोनं नुसतं जागेवर राहिलं असतं तरी ४० ची घसरण ३० झाली असती.

शिवाय स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे सगळी रिस्क नव्हे. २० आहे म्हटल्यावर तीनपैकी दोन वर्षं रिटर्न -८ आणि ३२ च्या मध्ये राहील असा ढोबळ अंदाज बांधतात, पण बाजारातले मोठे पडाव त्या अंदाजापेक्षा जास्त वेळा येतात. आणि कोरिलेशन हा दगडावर कोरलेला आकडा नाही. मार्च २०२० च्या मध्यावर काही दिवस सोनं सुद्धा पडलं होतं, कारण लोकांना रोकड हवी होती आणि जे विकलं जाईल ते विकत होते. एका भारतीय शेअरचं दुसऱ्या भारतीय शेअरशी असलेलं कोरिलेशन तर अशा दिवशी एककडेच धावतं. म्हणून पाच वर्षांचा एकच आकडा काढून आम्ही थांबलो नाही, २४-२४ महिन्यांचे तुकडे करून बघितले. सोन्याचा आकडा शून्याच्या वर-खाली होत राहिला, लार्ज कॅपवाल्यांचा कुठल्याही तुकड्यात ०.९ च्या खाली आला नाही.

प्रत्यक्षात केलं ते असं. पाचपैकी चार फंड बंद करून त्या जागी एक निफ्टी इंडेक्स फंड, एक जुना फंड ठेवला, आणि एकूण रकमेच्या २५ टक्के सोन्याच्या फंडात. एकदम विकलं असतं तर नफ्यावर कर बसला असता, तेव्हा वर्षाला एक लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त होता आणि वर १० टक्के (जुलै २०२४ पासून ही मर्यादा सव्वा लाख आणि दर साडेबारा टक्के आहे), म्हणून थोडं मार्च २०२३ च्या आत विकलं आणि थोडं एप्रिल उजाडल्यावर, दोन आर्थिक वर्षांत. रिबॅलन्सिंगसाठी, म्हणजे बिघडलेली वजनं परत ठरल्याप्रमाणे करायला, पण तो शक्यतो विकत नाही. जो हिस्सा मागे पडलाय त्याच्याकडे सहा महिने एसआयपी वळवतो, आणि फरक पाच टक्क्यांच्या वर गेला तरच विक्री. कागदावरचा १५.४५ लाखांचा आकडा कर न धरता काढलेला आहे, प्रत्येक वेळी विकून कर भरत बसलात तर त्यातला फायदा करातच जाईल.

शीट पूर्ण झाल्यावर वहिनी येऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, "ह्यात घरातलं सोनं धरलंय का?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, धरलं नव्हतं. दादा म्हणाला मग फंडातलं कमी करू. वहिनी म्हणाल्या, "ते मी मोडणार नाही, मुलीचं आहे." मग हिशोबाने त्या बरोबर होत्या, कारण जे वर गेल्यावर विकता येत नाही आणि विकलं तरी घडणावळ जाते ते रिबॅलन्सिंगला काही कामाचं नाही. दागिन्यांची वेगळी ओळ केली, रक्कम लिहिली, आणि २५ टक्क्यांच्या हिशोबातून ती बाहेर ठेवली.